बूट गेले, पैसे आले नाहीत: एका परताव्याचं प्रकरण

तक्रारी लिहून देण्याच्या कामात माझ्याकडे जी माणसं येतात त्यांची गोष्ट बहुतेक वेळा एकाच वाक्यात मावते: वस्तू खराब निघाली, परत केली, पैसे मिळाले नाहीत. हा तरुणही तसाच आला. नोकरीला नुकताच लागलेला, रोज सकाळी धावायला जाणारा. ऑनलाइन मागवलेल्या धावण्याच्या बुटांचा सोल तिसऱ्याच आठवड्यात उघडला होता. बूट परत घेऊन जाणारा माणूस येऊन गेला होता, आणि त्यानंतर विक्रेत्याचा ईमेल आला होता: 'परत आलेली वस्तू मूळ ऑर्डरशी जुळत नाही. परतावा नाकारण्यात येत आहे. ही तक्रार बंद करण्यात आली आहे.'

म्हणजे त्याच्याकडे बूट नव्हते, पैसे नव्हते, आणि वर 'दुसरेच बूट पाठवलेस' असा न बोललेला आरोप होता. तो चिडलेला होता हे सांगायला नको. पण प्रकरण चिडण्याने पुढे सरकत नाही. त्याला काय काय दाखवता येतं, यावर सगळं होतं. त्यामुळे आम्ही आधी मागे गेलो, अगदी सोल उघडला त्या दिवसापर्यंत.

दोष कसा दिसत होता

डाव्या बुटाच्या पुढच्या टोकाला, अंगठ्याच्या बाजूला, वरचा कापडी भाग आणि खालचा सोल यांच्यामध्ये फट पडली होती. आधी नख जाईल एवढी. दोन दिवसांनी त्यात जाड कागदाचा तुकडा साधारण २ सेंटिमीटर आत जात होता. उजवा बूट जसाच्या तसा होता.

अशा वेळी विक्रेत्याकडून येणारा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हा कारखान्यातला दोष आहे की वापराची झीज? दोन्हींत फरक करता येतो, आणि तो बुटावरच लिहिलेला असतो. बहुतेक धावण्याच्या बुटांचा सोल शिवलेला नसतो, चिकटवलेला असतो. वरच्या भागाची कड घासून खरबरीत करतात, दोन्ही पृष्ठभागांवर चिकटद्रव्य लावतात, ते गरम करून सैल करतात आणि मग दाबाखाली दोन्ही भाग जोडतात. घासणं एखाद्या जागी राहून गेलं, साच्यातून सोल सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर नीट पुसला गेला नाही, किंवा दाब कमी पडला, की जोड त्या जागी धरतच नाही. तो काही आठवडे टिकल्यासारखा वाटतो, मग सुटतो.

अशा सुटलेल्या जोडाचे आतले दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ दिसतात. चिकटद्रव्याचा पातळ, चकचकीत पापुद्रा एकाच बाजूला राहतो, दुसरी बाजू गुळगुळीत. याउलट जोड चांगला होता पण जोराने ओढला गेला, कुठे अडकला, तर चिकटद्रव्य सुटत नाही, साहित्य फाटतं. मग एका बाजूला दुसऱ्या बाजूचे तंतू किंवा फोमचे कण चिकटलेले दिसतात. आणि पाय घासत चालण्याने किंवा दगडावर आपटून उघडला असेल, तर बाहेरून टोकावर ओरखडे असतात.

या तरुणाच्या बुटाच्या टोकावर ओरखडा नव्हता. सोलच्या खालची नक्षी जवळपास नव्यासारखी होती. फटीच्या आत पिवळसर पापुद्रा फक्त सोलच्या बाजूला होता. हे मला कसं कळलं? बूट तर निघून गेले होते. कळलं ते फोटोंवरून. त्याने फोटो काढले होते तीनच, पण त्यातला एक खिडकीजवळ तिरक्या उजेडात काढलेला होता आणि फट बोटाने थोडी उघडून धरलेली होती. समोरून फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत अशी फट नुसती काळी रेघ दिसते. बाजूने उजेड आला की आतला पापुद्रा दिसतो.

एक गोष्ट त्याने केली नाही, आणि ती न करणं फार उपयोगी पडलं. घरात झटकन चिकटणारा गोंद होता, तो लावावा असं त्याच्या मनात आलं होतं. लावला असता तर आतला पुरावा झाकला गेला असता, आणि तपासणाऱ्याने पहिल्याच नजरेला 'ग्राहकाने दुरुस्तीचा प्रयत्न केला आहे' असं लिहून मोकळं व्हायला जागा मिळाली असती. धुणंही तसंच. बूट परत करायचे म्हणून लोक ते स्वच्छ धुऊन उन्हात वाळवतात. पाणी आणि उष्णता या दोन्हींनी चिकटद्रव्य कमजोर होतं, आणि मग पाण्याचे डाग दाखवून सगळा दोष धुण्यावर ढकलता येतो. कोरड्या फडक्याने माती पुसावी, बस्स.

चॅटवर मिळालेली मंजुरी

विक्रेत्याच्या अटी दोन होत्या. न वापरलेले बूट ठराविक दिवसांत परत घ्यायचे, आणि वापरलेले असले तरी कारखान्यातला दोष असेल तर ९० दिवसांपर्यंत परतावा द्यायचा. या दोन अटींची सरमिसळ फार होते. ग्राहक 'रिटर्न' म्हणतो, समोरचा पहिल्या अटीत घुसतो आणि 'बूट वापरलेले आहेत' म्हणून नाकारतो. तक्रारीच्या पहिल्याच ओळीत 'उत्पादनातील दोषाबद्दल हमीखाली परतावा' असं लिहिलं की निम्मी वादावादी टळते.

तरुणाने ॲपमधल्या चॅटवर तक्रार नोंदवली. पलीकडच्या माणसाने साइझ आणि आर्टिकल नंबर विचारला. तो बुटाच्या जिभेच्या आत शिवलेल्या लेबलवर असतो, म्हणून याने लेबलचा फोटो काढून पाठवला. त्या लेबलवर साइझ आणि आर्टिकल नंबरखेरीज बूट बनल्याचा महिना आणि एक बारीक कोडही होता. बऱ्याच बुटांच्या लेबलवर असं काहीतरी असतं, पण आपलं लक्ष साइझच्या पुढे जात नाही. त्याचंही गेलं नव्हतं.

चॅटवर फोटो पाहून समोरच्याने लिहिलं की दोष उत्पादनातला दिसतो, पूर्ण रक्कम परत मिळेल, बूट मूळ खोक्यात ठेवा, अमुक दिवशी माणूस येईल. याने खूश होऊन खिडकी बंद केली. चॅट तिथेच संपली आणि पुन्हा उघडल्यावर पाटी कोरी होती. 'दोष उत्पादनातला दिसतो' हे वाक्य, जे या प्रकरणातलं सगळ्यात वजनदार वाक्य होतं, त्याच्याकडे कुठेही लिहिलेलं नव्हतं. स्क्रीनशॉट होता एकच, माणूस कोणत्या दिवशी येणार ते लक्षात राहावं म्हणून काढलेला. नशिबाने त्यात वर तक्रार क्रमांक आला होता.

बऱ्याच ठिकाणी चॅट संपताना 'प्रत ईमेलवर पाठवू का' असा पर्याय येतो. नसेल तर खिडकी बंद करण्याआधी वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट घ्यावेत, एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला येईल असे, म्हणजे मधलं काही वगळलं असं म्हणता येत नाही. फोनवरच्या बोलण्याची तर याहून वाईट गत. कॉल लॉगमध्ये किती मिनिटं बोललात एवढंच राहतं, काय बोललात ते नाही. 'आपल्या माहितीसाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे' असं ऐकवतात खरं, पण ते रेकॉर्डिंग त्यांच्याकडे असतं. यावर उपाय साधा आहे. फोन ठेवला की लगेच एक ईमेल: 'आज दुपारी आपल्या प्रतिनिधीशी बोलणं झालं. त्यांनी अमुक सांगितलं. यात काही चुकीचं असल्यास कळवावं.' उत्तर आलं तर उत्तम. नाही आलं तरी तारखेसह तुमची बाजू त्यांच्याच खात्यात जाऊन बसते.

दारातली पाच मिनिटं

सगळं प्रकरण इथे अडकलं होतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

सदोष वस्तू हा तुमचा सगळ्यात मोठा पुरावा असतो. ती परत करणं म्हणजे तो पुरावा तुम्ही स्वतःच्या हाताने समोरच्या पक्षाकडे सोपवता. त्यानंतर बुटांना काय झालं, खोक्यात काय होतं, कोणी उघडलं, हे सगळं त्यांच्या ताब्यात आणि त्यांच्या नोंदीत. तुमच्याकडे काय उरतं तर बूट हातातून जाण्याआधी तुम्ही जे टिपून ठेवलं असेल तेवढंच. आणि नेमक्या याच क्षणी माणूस सगळ्यात निष्काळजी असतो, कारण त्याला वाटतं की काम झालं.

माणूस आला. याने खोकं दिलं. त्याने झाकण उघडून पाहिलं, आपल्या हातातल्या यंत्रावर काहीतरी टिपलं, खोकं पिशवीत घालून वर बारकोड चिकटवला, याच्या फोनवर आलेला ओटीपी विचारला आणि गेला. पावती मागितली तर म्हणाला, 'सर, मेसेज येईल.' मेसेज आला. त्यात पिकअप झाल्याची वेळ आणि ट्रॅकिंग नंबर होता. बूट कोणते, कोणत्या साइझचे, यातलं त्यात काही नव्हतं.

गोदामात काय झालं ते नकाराच्या ईमेलला जोडलेल्या फोटोतून कळलं. त्यात त्याच रंगाचे, त्याच मॉडेलचे बूट होते. पण तळ झिजलेला, टाचेची बाजू दबलेली, आणि सोल कुठेही उघडलेला नाही. फोटो मोठा करून पाहिला तर जिभेवरचं लेबल जेमतेम वाचता येत होतं. बनल्याचा महिना वेगळा होता.

हे पाहून तरुण उसळला. 'बघा, हे माझे नाहीतच!' बरोबर होतं त्याचं. पण गोदामही हेच तर म्हणत होतं: हे तुम्हाला विकलेले बूट नाहीत. लेबल जुळत नाही याचे अर्थ दोन निघतात. एक, गोदामात दोन खोक्यांची अदलाबदल झाली. दोन, ग्राहकाने नवे बूट ठेवून घेतले आणि जुने पाठवले. याच्या लेबलच्या फोटोवरून त्याच्याकडे कोणते बूट होते ते सिद्ध होत होतं, त्याने कोणते पाठवले ते होत नव्हतं. अशी फसवणूक करणारे लोक असतात, त्यामुळे गोदामाचा संशय अगदीच हवेतला म्हणता येत नाही. आम्हाला हवा होता तो पुरावा त्या दारातल्या पाच मिनिटांचा.

हाताशी काय होतं

टेबलावर सगळं मांडलं. ऑर्डरचा ईमेल आणि बिलाची पीडीएफ. बँकेच्या स्टेटमेंटमधली पैसे गेल्याची ओळ. तीन फोटो. तक्रार क्रमांकाचा स्क्रीनशॉट. पिकअपचा मेसेज. नकाराचा ईमेल आणि त्यातला फोटो.

फोटोंची एक अडचण निघाली. त्याने मला दाखवले ते मेसेजिंग ॲपवरून ताईला पाठवलेले आणि तिथून परत उतरवून घेतलेले होते. असे ॲप फोटो पाठवताना दाबून लहान करतात आणि फोटो केव्हा काढला, कोणत्या फोनने काढला ही आत दडलेली माहितीही काढून टाकतात. लेबलवरचा बारीक कोड त्या प्रतीत पुसट झाला होता. सुदैवाने मूळ फोटो गॅलरीत शाबूत होते. तिथे तारीख-वेळही होती आणि कोडही वाचता येत होता. फोटो पाठवायचाच असेल तर ईमेलला जोडावा किंवा ॲपमधून 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा.

अर्थात फोटोतल्या तारखेवर फार विसंबून चालत नाही. फोनची तारीख बदलता येते हे सगळ्यांना माहीत आहे. तारखेला जोर येतो तो दुसऱ्याच्या नोंदीशी ती जुळली की. याने लेबलचा फोटो त्याच दिवशी चॅटवर पाठवला होता, म्हणजे त्याची एक प्रत विक्रेत्याच्या सर्व्हरवर त्यांच्याच तारखेने पडून होती. याला ती दिसत नव्हती एवढंच.

मग वजनाचा विचार केला. कुरिअरवाले पार्सल बहुधा वाटेत तोलतात. धावण्याच्या बुटांची जोडी खोक्यासकट साधारण किलोच्या आतबाहेर भरते. 'खोकं रिकामं होतं' किंवा 'एकच बूट होता' असा वाद असेल तर हे वजन फार कामाला येतं. इथे नाही. जुनी जोडी आणि नवी जोडी यांचं वजन जवळपास सारखंच भरणार. म्हणून ते सोडून दिलं. तक्रारीत निरुपयोगी मुद्दा घातला की समोरचा नेमका त्यालाच उत्तर देतो आणि बाकीच्यांना बगल देतो, हा माझा नेहमीचा अनुभव आहे.

शेवटी ताईबरोबरचं चॅट वाचलं. पिकअपच्या मेसेजनंतर चारच मिनिटांनी याने तिला लिहिलं होतं: 'गेले एकदाचे बूट. फोटोबिटो काढून घेतले त्याने, लेबल पण बघितलं.' मी विचारलं, कोणी काढले फोटो? तेव्हा त्याला आठवलं. त्या माणसाने खोकं उघडल्यावर आपल्या यंत्राने दोन फोटो काढले होते, एक बुटांचा आणि एक जीभ बाहेर ओढून लेबलचा. परत घ्यायच्या वस्तू काही विक्रेते दारातच तपासून घेतात, आणि तसं असेल तर पिकअपचा माणूस फोटो अपलोड केल्याशिवाय पुढे जाऊ शकत नाही. म्हणजे आम्हाला हवा तो पुरावा होता. तो विक्रेत्याच्या कुरिअरकडे होता.

अर्ज

तोवर तरुणाने 'माझे पैसे परत द्या' असे बरेच ईमेल पाठवले होते आणि प्रत्येकाला तेच ठरावीक उत्तर आलं होतं. तसे ईमेल उत्तर देणाऱ्याला सोपे जातात, कारण त्यात त्याला शोधायला काहीच सांगितलेलं नसतं. आता लिहिलेला अर्ज असा होता:

> विषय: तक्रार क्र. (…), बंद केलेली तक्रार पुन्हा उघडण्याबाबत
>
> मी उत्पादनातील दोषाबद्दल हमीखाली बूट परत केले. आपल्या गोदामाने पाठवलेल्या फोटोतील बूट मी दिलेले नाहीत. त्या लेबलवरील उत्पादनाचा महिना आणि कोड माझ्या बुटांच्या लेबलपेक्षा वेगळा आहे. माझ्या लेबलचा मूळ फोटो सोबत जोडला आहे. हाच फोटो मी पिकअपच्या आधी आपल्या चॅटवर पाठवला होता.
>
> पिकअपच्या वेळी आपल्या प्रतिनिधीने माझ्यासमोर बुटांचे व लेबलचे फोटो काढले. कृपया पुढील नोंदी तपासून त्यांच्या प्रती मला द्याव्यात: (१) पिकअपच्या वेळी काढलेले फोटो, (२) माझ्या तक्रारीच्या चॅटची प्रत, (३) हे पार्सल गोदामात कोणत्या वेळी उघडले गेले त्याची नोंद.
>
> या नोंदी तपासल्याशिवाय तक्रार बंद करू नये. सात दिवसांत उत्तर अपेक्षित आहे.

यात कुठे राग नाही, 'मी तुमचा जुना ग्राहक' नाही, सोशल मीडियावर टाकीन अशी धमकी नाही. अमुक कागद तुमच्याकडे आहे, तो काढा आणि पाहा, एवढंच आहे. अर्ज तक्रार विभागाच्या वरच्या पायरीला पाठवला. तो पत्ता बहुधा संकेतस्थळाच्या तळाशी बारीक अक्षरांत असतो. ताईबरोबरचं चॅट मुद्दाम जोडलं नाही. घरच्या माणसाशी झालेलं बोलणं हा दुबळा पुरावा आहे. पिकअपचे फोटो नाहीतच असं उत्तर आलं असतं तर ते वापरायचं ठरलं होतं, कारण वाद सुरू होण्याच्या आधी, त्याच वेळी लिहिलेलं असल्याने त्याला थोडं तरी वजन होतं.

तरुणाचा एक प्रश्न रास्त होता. 'त्यांनी फोटो दिलेच नाहीत तर?' तर पुढची पायरी म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेकडे त्या व्यवहारावर हरकत घेणं. वस्तू सदोष निघाली किंवा परत करूनही पैसे आले नाहीत, अशा कारणांसाठी कार्डाच्या व्यवहारात ही सोय असते. तिला मुदत असते, आणि ती विक्रेत्याच्या 'आम्ही पाहतो आहोत' या उत्तरांची वाट पाहण्यात निघून जाते. म्हणून बँकेची मुदत कधी संपते ते आधीच विचारून ठेवलं. बँकसुद्धा तुम्ही आधी विक्रेत्याकडे काय केलंत ते विचारते, आणि तिथे हाच अर्ज कामी आला असता.

उत्तर

पाचव्या दिवशी उत्तर आलं. भाषा नेहमीची गुळगुळीत, पण मजकूर वेगळा. पिकअपच्या फोटोतलं लेबल ग्राहकाने पाठवलेल्या फोटोशी जुळतं, गोदामात वस्तूंची नोंद करताना 'विसंगती' झाली, पूर्ण रक्कम परत करण्यात येत आहे. चॅटची प्रत आणि गोदामाची नोंद त्यांनी दिली नाही. आम्हीही मग ती ओढून धरली नाही.

पिकअपचा फोटो मात्र जोडला होता. घाईत काढलेला, थोडा हललेला. डावा बूट वर, पुढची फट स्पष्ट, आणि एका कोपऱ्यात तरुणाच्या चपलेचा अंगठा. त्याच्या लेबलचा महिना वाचता येत होता, कोडाचे शेवटचे दोन अंक नव्हते. याच्याकडे आपला स्वच्छ फोटो नसता, तर तो हललेला फोटो कशाशी ताडून पाहणार होते? एका बाजूचा फोटो दुसऱ्याने भरून निघाला म्हणून प्रकरण उभं राहिलं.

ईमेलमध्ये 'परतावा केला आहे' असं लिहिलं होतं. बँकेत आठवडा उलटला तरी काही नव्हतं. इथे बरेच जण पुन्हा विक्रेत्याशी भांडायला लागतात आणि विक्रेता म्हणतो, आम्ही पाठवले, बँकेला विचारा. बँक म्हणते, आमच्याकडे काही दिसत नाही. कार्डाच्या परताव्याला एआरएन नावाचा २३ अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो विक्रेत्याकडून मागून घ्यायचा आणि बँकेला द्यायचा, म्हणजे बँकेला ती रक्कम कुठे आहे ते शोधता येतं. याने तो मागितल्यावर कळलं की रक्कम ॲपमधल्या पाकिटात जमा करून ठेवली होती. क्रमांक नव्हता कारण कार्डावर परतावा झालाच नव्हता. 'ज्या मार्गाने पैसे दिले त्याच मार्गाने परत' ही त्यांचीच अट त्यांना दाखवली. त्या अटींचं पान याने मी सांगितल्यावर पीडीएफ करून ठेवलं होतं, आणि बरं झालं ठेवलं, कारण त्या पानावरचा मजकूर नंतर बदलला. एआरएन दोन दिवसांत आला, रक्कम त्यानंतर.

पुढची जोडी

त्याने नंतर दुसरीकडून बूट घेतले, या वेळी दुकानातून. बिल त्या गुळगुळीत थर्मल कागदावर होतं, ज्यावर शाई नसतेच, कागदावरचा थर उष्णतेने काळा होतो. पाकिटात, गाडीत, प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलेलं असं बिल काही महिन्यांत कोरं होऊ शकतं, आणि हमी त्याहून लांब असते. त्याने दुकानाबाहेर पडण्याआधीच बिलाचा फोटो काढून स्वतःला ईमेल केला, आणि घरी आल्यावर दोन्ही लेबलांचा, तळाचा आणि खोक्यावरच्या स्टिकरचा. न घासलेल्या तळाचा फोटो पहिल्या दिवशीच काढायला हवा, हे त्याचं त्यालाच सुचलं. नंतर काढलेल्या फोटोवरून किती झीज झाली ते कसं कळणार, आधी काय होतं तेच माहीत नसेल तर?

मग तो दुसऱ्या टोकाला गेला. खोकी, टॅग, पिशव्या, सुकं ठेवायला घातलेल्या पुड्या, डिलिव्हरीचे सगळे मेसेज, सगळं जमवायला लागला. ते त्याला कमी करायला सांगितलं. ढिगातून काढता येत नाही तो पुरावा नसल्यातच जमा. आता त्याच्या फोनवर प्रत्येक महागड्या वस्तूचं एक फोल्डर असतं, आणि त्यात फाइलच्या नावाआधी तारीख, वर्ष आधी मग महिना मग दिवस, म्हणजे ती आपोआप क्रमाने लागतात. वस्तू परत करायची वेळ आली तर एकच सलग व्हिडिओ घ्यायचा: लेबल, दोष, खोक्यात ठेवणं, टेप लावणं, वर कुरिअरचा बारकोड आणि शेवटी खोकं देताना घेणाऱ्याचा हात. मध्ये कट नको, कारण जिथे कट असतो तिथे वस्तू बदलली असं म्हणायला जागा राहते. घेणाऱ्या माणसाचा चेहरा घ्यायची गरज नसते, त्याची तशी इच्छाही नसते, आणि तो बिचारा या भांडणात कुठेच नसतो.

फोल्डर कधी पुसायचं, हे त्याने विचारलं होतं. परताव्याचं असेल तर रक्कम स्टेटमेंटमध्ये दिसल्यावर, आणि ते स्टेटमेंट त्यात टाकून आणखी काही महिने. विक्रेते कधीकधी चुकून दिलेला परतावा मागे घेतात. बुटांचं असेल तर हमी संपेपर्यंत.